इन्व्हर्सचे सूत्र न काढता एका बिंदूपाशी त्याचा डेरिव्हेटिव्ह कसा निघतो?

सायली_डोंबिवली

माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि त्याच्या सरावाच्या प्रश्नपत्रिकेतील एका गणितावर आम्ही दोघेही अडलो आहोत. गणित असे आहे: f(x) = x^5 + 2x + 3 आणि g हे f चे इन्व्हर्स फंक्शन आहे, तर g'(6) काढा.

आम्ही नेहमीच्या वाटेने गेलो. y = x^5 + 2x + 3 असे लिहून x एकटा करायचा, मग आलेल्या सूत्राचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि त्यात 6 ठेवायचे, असा आमचा बेत होता; पण पाचव्या घातामुळे x काही केल्या एकटा होईना. उत्तरसूचीत मात्र एवढेच लिहिले आहे की f(1) = 6, f'(1) = 7, म्हणून g'(6) = 1/7.

माझ्या शंका दोन आहेत. g चे सूत्रच हाती नसताना त्याचा डेरिव्हेटिव्ह कसा कळतो? आणि प्रश्नात 6 दिलेले असताना f' मध्ये 1 का ठेवला? भावाने "तशी पद्धतच आहे" म्हणून विषय संपवला, पण मला ते पटलेले नाही.

चक्रधर७

नियम सोपा आहे. इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे मूळ डेरिव्हेटिव्हचा व्यस्त. येथे f'(x) = 5x^4 + 2 आहे, त्यात 6 ठेवले की 5 × 1296 + 2 = 6482 येते, त्यामुळे उत्तर 1/6482. उत्तरसूचीत छपाईची चूक असावी, सरावाच्या पुस्तकांत अशा चुका सर्रास असतात.

हेमांगिनी

मला वाटते तुम्ही दोघेही उगाच लांब जात आहात. इन्व्हर्स लिहिताना f च्या डोक्यावर उणे एक देतात म्हणजे 1/f, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह भागाकाराच्या नियमाने −f'/f² असा सरळ येतो. यात इन्व्हर्स काढण्याचा प्रश्नच कुठे येतो?

वामनकाका

हेमांगिनी, तुम्ही म्हणता ते 1/f या फंक्शनसाठी बरोबर आहे, पण येथे ते विचारलेले नाही. संख्येच्या डोक्यावरील उणे एक आणि फंक्शनच्या डोक्यावरील उणे एक दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे असते. f ने 1 ला 6 वर पोहोचवले असेल, तर इन्व्हर्स 6 ला परत 1 वर आणून सोडते. 1/f मात्र 1 ला 1/6 वर नेते. सायली यांनी इन्व्हर्सला g असे स्वतंत्र नाव दिले आहे, ते अशा वेळी फार सोयीचे पडते.

आता मूळ शंकांकडे वळू. सूत्राशिवाय डेरिव्हेटिव्ह कसा कळतो, याचे उत्तर असे की एका बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह काढायला सगळे फंक्शन माहीत असावे लागत नाही. त्या बिंदूच्या अगदी जवळ फंक्शन कसे वागते, एवढे कळले की पुरते, आणि g चे ते वागणे f कडे पाहूनच कळते. y = f(x) च्या आलेखावर (1, 6) हा बिंदू आहे. g चा आलेख म्हणजे हाच आलेख y = x या रेषेत उलटवलेला, त्यामुळे तो बिंदू (6, 1) येथे जातो आणि तेथील स्पर्शिकाही त्याच्याबरोबर उलटते. मूळ स्पर्शिकेवर उजवीकडे 1 गेले की वर 7 जावे लागत होते. आडवे आणि उभे यांची अदलाबदल झाल्यावर उजवीकडे 7 गेल्याशिवाय वर 1 जाता येत नाही, म्हणून चढ 1/7.

दुसऱ्या शंकेचे उत्तर याच चित्रात आहे. आपण एकाच स्पर्शिकेकडे दोन बाजूंनी पाहत आहोत. ती स्पर्शिका f च्या बाजूने x = 1 ला आहे आणि g च्या बाजूने 6 ला आहे. प्रश्नातील 6 हे g मध्ये घालायचे मूल्य आहे, म्हणजेच f मधून बाहेर पडलेले मूल्य आहे. ते f' मध्ये ठेवले तर आपण आलेखावरील भलत्याच ठिकाणचा चढ मोजतो.

एक प्रवासाचे उदाहरण घेऊन पाहा. f म्हणजे निघाल्यापासून अमुक तासांनी गाडी कितव्या किलोमीटरला आहे ते सांगणारे फंक्शन समजा. सहाव्या किलोमीटरपाशी एक किलोमीटर कापायला किती वेळ लागत होता, असे कोणी विचारले, तर गाडी सहाव्या किलोमीटरला किती वाजता होती ते आधी पाहावे लागेल आणि त्या क्षणाचा वेग घेऊन उलटा करावा लागेल. निघाल्यानंतर सहा तासांनी वेग किती होता, याचा तेथे काहीही संबंध नाही.

चक्रधर७

काका, चित्र छान आहे, पण dy/dx × dx/dy = 1 हे तर कोणत्याही पुस्तकात आहे. त्यात कुठे 1 ठेवा आणि कुठे 6 ठेवा असे लिहिलेले नसते. मी तोच नियम वापरला आहे.

वामनकाका

नियम तोच आहे, याबद्दल वाद नाही. अडचण अशी की त्या लिखाणात बिंदू लिहिलेला नसतो, तो वाचणाऱ्याने मनात धरायचा असतो. dy/dx हा x च्या भाषेत निघतो आणि dx/dy हा y च्या भाषेत विचारलेला असतो. दोन्ही एकाच बिंदूपाशी घेतले तरच गुणाकार 1 येतो. म्हणून मी नेहमी g'(f(a)) = 1/f'(a) असे लिहितो, कारण त्यात a कोठे जातो आणि f(a) कोठे जातो हे डोळ्यांना दिसते.

तुमचे 1/6482 हे उत्तर एका वेगळ्या प्रश्नाचे अगदी बरोबर उत्तर आहे. f(6) म्हणजे 7776 + 12 + 3 = 7791, त्यामुळे g'(7791) = 1/6482. विचारले मात्र g'(6) होते.

सायली_डोंबिवली

काकांचे उत्तर वाचल्यावर मी आणि भावाने कॅल्क्युलेटर घेऊन दोन्ही उत्तरे तपासली. सूत्र न वापरता g जवळून कसा वागतो ते पाहायचे असे ठरवले.

x = 1.01 घेतला तर f(1.01) = 6.07101 येते. म्हणजे g मध्ये 6 ऐवजी 6.07101 घातले की उत्तर 1 ऐवजी 1.01 मिळते, आणि 0.01 भागिले 0.07101 म्हणजे 0.14083. दुसऱ्या बाजूने x = 0.99 घेतला तर f(0.99) = 5.93099 येते आणि तेच गुणोत्तर 0.01 भागिले 0.06901, म्हणजे 0.14491 होते. 1/7 = 0.14286 हे बरोबर या दोघांच्या मध्ये आहे. 1/6482 म्हणजे 0.00015 च्या आसपास, त्याचा या आकड्यांशी काही मेळ बसत नाही.

या तपासणीत एक गोष्ट मला फार आवडली. g चे सूत्र नसले तरी g ची हवी तितकी मूल्ये आपल्याला मिळतात, कारण x आपणच निवडायचा आणि y मोजायचा. फक्त y आधी ठरवून x मागितला तर अडचण होते.

वामनकाका

नेमके हेच. आणि ती अडचण तुमच्या भावाच्या बीजगणिताची नाही. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाची मुळे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळांची चिन्हे एवढ्यावर लिहिता येत नाहीत, हे आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले. x^5 + 2x + 3 = y हे समीकरण दिसायला साधे असले तरी y मोकळा ठेवला तर तेही त्याच जातीचे आहे. प्रश्न काढणाऱ्याने पाचवा घात मुद्दामच घातलेला असणार, म्हणजे कोणी इन्व्हर्सच्या सूत्राच्या मागे लागू नये.

शंकेखोर

या सूत्राची जी सिद्धता वर्गात सांगतात तिच्याबद्दल माझा जुना आक्षेप आहे. f(g(y)) = y असे लिहायचे, दोन्ही बाजूंचे चेन रूलने विकलन करायचे, f'(g(y)) · g'(y) = 1 मिळते आणि काम संपले असे मानायचे. परंतु चेन रूल लावायचा तर g चा डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात आहे हे आधी धरावे लागते, आणि आपल्याला तर तेच ठाऊक नाही. यातून एवढेच सिद्ध होते की g' असेल तर तो 1/f' असेल. तो असतोच, हे कोठून आले?

f(x) = x^3 घ्या. इन्व्हर्स आहे, सगळीकडे आहे, घनमूळ म्हणून आपण ते रोज वापरतो. तरीही 0 पाशी f'(0) = 0 आहे आणि चेन रूलवाली ओळ 0 × g'(0) = 1 असे म्हणते, जे कधीच खरे होणार नाही.

वामनकाका

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर सायली यांच्या आकडेमोडीतच दडलेले आहे. त्यांनी जे गुणोत्तर काढले ते g च्या बाजूने (g(y) − g(6)) / (y − 6) असे आहे. y = f(x) असे ठेवले की तेच (x − 1) / (f(x) − f(1)) होते, म्हणजे f च्या नेहमीच्या गुणोत्तराचा व्यस्त. आता y हा 6 कडे सरकला की x हा 1 कडे सरकतो, एवढे दाखवले की झाले. f चे गुणोत्तर f'(1) म्हणजे 7 कडे जाते, त्याचा व्यस्त 1/7 कडे जातो, आणि g' असल्याचे आधी गृहीत धरण्याची गरज उरत नाही.

y सरकला की x सरकतो, याचा अर्थ g सलग आहे. f एखाद्या अंतरालावर सलग असेल आणि सतत वाढत असेल, तर त्याचा इन्व्हर्सही सलग असतो. आपल्या f चा डेरिव्हेटिव्ह 5x^4 + 2 हा कधीही 2 पेक्षा कमी होत नाही, म्हणून येथे काही धोका नाही. x^3 च्या बाबतीत 0 पाशी गुणोत्तर शून्याकडे जाते आणि त्याचा व्यस्त बेसुमार वाढतो. घनमुळाच्या आलेखाची स्पर्शिका तेथे उभी असते, इन्व्हर्स असूनही डेरिव्हेटिव्ह नसतो. त्यामुळे f'(a) शून्य नाही ना, हे पाहणे हा उपचार नव्हे.

मास्तर_सातारा

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी नेमके कोठे घसरतात ते सांगू शकतो. 6 ची जागा चुकणे ही पहिली आणि सर्वांत मोठी घसरण झाली, ती वर आलीच आहे. दुसरी घसरण f(a) = b सोडवताना होते.

समजा f(x) = x^3 − 3x, x ≥ 1 असे दिले आहे आणि g'(0) विचारला आहे. विद्यार्थी x^3 − 3x = 0 लिहितो, पहिल्याच नजरेत x = 0 दिसतो, f'(0) = −3 काढतो आणि −1/3 लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या समीकरणाला 0, √3 आणि −√3 अशी तीन मुळे आहेत, त्यांपैकी x ≥ 1 या अटीत फक्त √3 बसते, तेथे f' = 9 − 3 = 6 आहे आणि उत्तर 1/6 येते. ती x ≥ 1 ची अट काढून टाकली तर f ला इन्व्हर्सच राहत नाही, आणि g'(0) या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. उत्तर ऋण आले तेव्हाच विद्यार्थ्याला शंका यायला हवी होती, कारण x ≥ 1 मध्ये f वाढते आहे आणि वाढत्या फंक्शनचा इन्व्हर्स कधी उतरत नाही.

म्हणूनच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की f' कधीच शून्य होत नाही आणि f एकास-एक आहे, हे उत्तरात एका ओळीत लिहाच. सायली यांच्या गणितात "5x^4 + 2 > 0" एवढे पुरेल, परंतु ते लिहिले नसेल तर मी पूर्ण गुण देत नाही.

वामनकाका

मास्तर, दुसऱ्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, पण गुण कापण्याशी नाही. प्रश्नातच "g हे f चे इन्व्हर्स आहे" असे दिले आहे. दिलेली गोष्ट पुन्हा सिद्ध करायला लावणे योग्य नव्हे. f'(1) शून्य नाही हे तर 7 आल्यावर आपोआप दिसते.

मास्तर_सातारा

काका, दिले आहे हे खरे, पण त्या ओळीमुळे विद्यार्थी अटीकडे बघतो, आणि x^3 − 3x सारख्या गणितात तीच त्याला वाचवते. सवय लावायची असेल तर ती सोप्या गणितापासून लावावी लागते. यावर आपले एकमत होईल असे मला वाटत नाही.

आणखी एक. २००९ च्या आयआयटी-जेईईमध्ये f(x) = x^3 + e^(x/2) आणि g'(1) असा प्रश्न आला होता. तेथे f(0) = 1 आहे, f'(0) = 1/2 आहे आणि उत्तर 2 येते. ज्याने f' मध्येच 1 ठेवला त्याला 3 + √e / 2 चा व्यस्त मिळतो आणि त्या विचित्र आकड्याकडे पाहूनही तो थांबत नाही.

सायली_डोंबिवली

यावरून मला पुढचा प्रश्न पडला. या सगळ्या गणितांत f(1) = 6 किंवा f(0) = 1 हे नुसते पाहून कळते, कारण प्रश्न काढणाऱ्याने तशी सोय केलेली असते. समजा f(x) = x + e^x आहे. g'(1) विचारला तर f(0) = 1 दिसते आणि उत्तर 1/2 येते. पण g'(0) विचारला तर काय करायचे? x + e^x = 0 कोणत्या x ला होते ते मला दिसत नाही. मग ही पद्धत तेथे संपते का?

वामनकाका

संपत नाही, पण तेथे तिची खरी किंमत कळते. इन्व्हर्सचे संपूर्ण सूत्र टाळता येते, त्या एका बिंदूपुरते समीकरण सोडवणे मात्र टळत नाही. ते अंकांनी सोडवायचे.

x = −0.5 पासून सुरुवात करा. f(−0.5) = −0.5 + 0.606531 = 0.106531 आणि f'(−0.5) = 1.606531. न्यूटनच्या पद्धतीप्रमाणे 0.106531 ला 1.606531 ने भागून आलेले 0.066311 वजा केले की x = −0.566311 मिळतो. पुन्हा तेच केले की −0.567143 येतो आणि त्यापुढे सहा दशांश स्थळांपर्यंत काही बदलत नाही. आता f' = 1 + e^x, आणि मुळापाशी e^x = −x असल्यामुळे f' = 1.567143. म्हणून g'(0) = 1/1.567143, म्हणजे सुमारे 0.638104.

यात एक गंमत आहे. न्यूटनच्या पद्धतीत आपण f च्या मूल्याला f' ने भागतो, म्हणजेच 1/f' ने गुणतो. "y एवढा कमी करायचा असेल तर x किती सरकवावा लागेल" हाच प्रश्न तेथे प्रत्येक पायरीला विचारलेला असतो. इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह शोधत आपण निघालो आणि मूळ शोधतानाही तोच वापरला.

ध्रुवतारा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण चर्चा वाचताना तो याच धाग्यात बसतो असे वाटले. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि धूमकेतूंची स्थिती काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहीत आहे. त्यात केप्लरचे समीकरण लागते: M = E − e sin E. यातील M हा कोन काळाबरोबर एकसारख्या गतीने वाढतो, e ही कक्षेची उत्केंद्रता आहे, आणि मला हवा असतो E, ज्यावरून धूमकेतू कक्षेत कोठे आहे ते कळते. E वरून M काढणे सोपे, M वरून E काढायला सूत्र नाही. येथपर्यंत मी न्यूटनची पद्धत वापरतो आणि ते चालते.

अडचण अशी की मला E किती वेगाने बदलतो तेही हवे आहे, म्हणजे dE/dM. मी M मध्ये 0.000001 मिळवून समीकरण पुन्हा सोडवत होतो, दोन उत्तरांची वजाबाकी करत होतो आणि 0.000001 ने भागत होतो. उत्तरे वेडीवाकडी येतात, कधी एकदम दुप्पट, कधी ऋणसुद्धा.

वामनकाका

तुम्ही समीकरण किती अचूकतेपर्यंत सोडवता? E मध्ये साधारण 0.000001 इतकी चूक चालवून घेत असाल, तर दोन उत्तरांच्या वजाबाकीत तेवढीच चूक राहते आणि तुम्ही तिला 0.000001 ने भागता. मग उत्तरात सरळ 1 ची चूक शिरू शकते. M मध्ये मिळवायचा आकडा आणखी लहान केला की स्थिती आणखी बिघडते.

दुसऱ्यांदा समीकरण सोडवण्याची गरजच नाही. M हे E चे फंक्शन आहे आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह 1 − e cos E आहे. तुमच्याकडे E आलेला आहेच.

```python
E = solve_kepler(M, e)
dE_dM = 1.0 / (1.0 - e * math.cos(E))
```

येथेही सायली यांचीच शंका लागू आहे, बरे का. cos मध्ये M ठेवायचा नाही, E ठेवायचा. e लहान असेल तर M आणि E जवळजवळ सारखे असतात आणि ही चूक लक्षातच येत नाही, मोठ्या e ला मात्र ती चव्हाट्यावर येते.

ध्रुवतारा

आभारी आहे. हॅलेच्या धूमकेतूसाठी आकडे घालून पाहिले. त्याची उत्केंद्रता 0.967 आहे. उपसूर्य बिंदूपाशी E = 0, म्हणून 1/(1 − 0.967) म्हणजे सुमारे 30.3. अपसूर्य बिंदूपाशी cos E = −1, म्हणून 1/1.967 म्हणजे 0.508. त्याचा कक्षाकाळ साधारण 76 वर्षे धरला तर M दिवसाला 0.013 अंश वाढतो. म्हणजे १९८६ च्या फेब्रुवारीत सूर्याजवळून जाताना E दिवसाला सुमारे 0.39 अंश सरकत होता, आणि दूरच्या टोकाला तो दिवसाला 0.0066 अंशच सरकतो. आधीच्या पद्धतीने मला उपसूर्य बिंदूपाशी कधी 29 तर कधी 32 मिळत होते आणि कोणते खरे मानावे ते कळत नव्हते.

शंकेखोर

30.3 या आकड्याचा आणखी एक अर्थ लक्षात घ्या. M मध्ये थोडीशी चूक असेल, उदाहरणार्थ उपसूर्य बिंदूची वेळ किंचित चुकीची धरली असेल, तर तेथे E मधील चूक तीसपट होऊन येते. e जसजसा 1 च्या जवळ जाईल तसा छेद शून्याकडे जाईल, आणि e = 1 ठेवले तर E − sin E ची गत 0 पाशी x^3 सारखी होते: इन्व्हर्स आहे, डेरिव्हेटिव्ह नाही. मी वर काढलेली शंका अगदीच पुस्तकी नव्हती म्हणायची.

चक्रधर७

पहिल्या डेरिव्हेटिव्हचे ठीक आहे. मग दुसरा डेरिव्हेटिव्हही तसाच असणार. f''(x) = 20x^3, तो 1 पाशी 20 आहे (यावेळी 6 ठेवलेले नाहीत), म्हणून g''(6) = 1/20.

वामनकाका

बिंदू बरोबर निवडलात, पण व्यस्ताचा नियम दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला लागू होत नाही. g'(y) = 1/f'(g(y)) याचे y च्या सापेक्ष पुन्हा विकलन करा. छेदात f' चा वर्ग येतो, वर उणे f'' येतो, आणि आतल्या g(y) मुळे आणखी एक g'(y), म्हणजे आणखी एक 1/f' गुणला जातो. एकूण g''(6) = −f''(1) / (f'(1))^3 = −20/343, म्हणजे सुमारे −0.0583.

उणे चिन्ह आलेखातही दिसते: f तेथे वरच्या बाजूला वळते, उलटवल्यावर g खालच्या बाजूला वळते. आकडा पटत नसेल तर सायली यांची दोन गुणोत्तरे घ्या. 0.14083 वजा 0.14491 म्हणजे −0.00408, ती दोन गुणोत्तरे y च्या ज्या दोन तुकड्यांची आहेत त्यांच्या मध्यांतील अंतर 0.07001 आहे, भागाकार −0.0583.

ध्रुवतारा

हे माझ्या समीकरणाला लावले तर दुसरा डेरिव्हेटिव्ह −e sin E / (1 − e cos E)^3 येतो. E = 0 ला तो शून्य आहे, म्हणजे E चा वेग उपसूर्य बिंदूपाशीच सर्वाधिक असतो, ते अपेक्षितच होते. पण हा वेग सर्वांत झपाट्याने कोठे उतरतो? हॅलेसाठी ते E चे मूल्य उपसूर्य बिंदूच्या बरेच जवळ असावे असे दिसते, पण ते काढायला निघालो की cos E मध्ये एक वर्गसमीकरण तयार होते आणि त्याचे कोणते मूळ घ्यायचे याबद्दल माझी खात्री होत नाही. कोणी करून पाहणार का?